आडनावाच्या जागी वासुदेव

थोरलीला परदेशातल्या प्रयोगशाळेत काम मिळालं, तेव्हा आप्पांच्या घरात आनंदापेक्षा धांदलच जास्त उडाली. निवडीचं पत्र आलं होतं, रुजू व्हायची तारीख ठरली होती, आणि पोरीकडे पासपोर्टच नव्हता. धाकटीने कपाळावर हात मारला. आप्पांनी कपाटाचा वरचा खण पलंगावर पालथा घातला आणि त्यातून शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढला.

आप्पा कारखान्यात फिटर होते. बायको गेली तेव्हा थोरली आठवीत होती आणि धाकटीचे दुधाचे दातही पडायचे होते. पाना आणि पक्कड धरणाऱ्या हातांनी त्यांनी दोघींच्या वेण्या घातल्या, डबे भरले, ताप उतरेपर्यंत उशाशी बसून रात्री काढल्या. धाकटीला ते नावाने किंवा रागाने हाक मारत, थोरलीला मात्र 'बायो' म्हणत. ती अभ्यासात हुशार निघाली यात आपला काही हात आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, पण कुणी तसं म्हटलं तर ते नाकारतही नसत.

सरकारी कचेरीसमोरच्या एका अरुंद गाळ्यात ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक गृहस्थ बसत. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, टेबलावर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वाट बघणाऱ्यांसाठी तीन खुर्च्या. सगळे त्यांना फॉर्मवाले काका म्हणत. कामाला चोख माणूस. बायोचा दाखला त्यांनी समोर उभा करून ठेवला. दाखल्यावर शाळेच्या पद्धतीने आडनाव आधी लिहिलेलं होतं: धायगुडे ज्ञानदा वासुदेव.

"धायगुडे कसं लिहायचं? 'धा'नंतर वाय घेऊ की आय?" काकांनी विचारलं.

"माझ्या पदवीवर वाय आहे," बायो म्हणाली.

"मग वायच. आणि ज्ञानदा? काही लोक जे एन करतात, काही जी वाय."

"डी एन वाय. आपण द्न्य म्हणतो ना, तसंच."

"बरोबर. वासुदेव व्हीने. आणि शेवटी पण व्ही."

एकेक अक्षर तिघांनी पडद्यावर बोट ठेवून तपासलं. दोनदा तपासलं. पण पडद्यावर नावासाठी दोन चौकटी होत्या. पहिलीत स्वतःचं आणि वडिलांचं नाव, दुसरीत फक्त आडनाव असं हवं होतं. काकांनी दाखल्यावरचे शब्द होते त्याच क्रमाने उचलले. पहिले दोन पहिल्या चौकटीत गेले, आणि उरलेला तिसरा, वासुदेव, दुसरीत जाऊन बसला. अक्षरांची एवढी काळजी घेतली आणि क्रमाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. बायोचंही नाही. तिने 'बरोबर आहे' म्हणून सांगितलं आणि काकांनी बटण दाबलं.

पासपोर्ट घरी आला तेव्हा तिच्या लक्षात आलं. जेवता जेवता तिने तो उघडला आणि घास तोंडातच राहिला.

"आप्पा, माझं आडनाव बदललं की!"

"म्हणजे?"

"आडनावाच्या जागी वासुदेव आलंय. आणि धायगुडे ज्ञानदा हे माझं नाव."

धाकटी आधी हसत सुटली. "म्हणजे तिकडे तुला 'हॅलो धायगुडे' म्हणणार!" मग तिने ताईचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी चौकशी करून आल्या. दुरुस्ती होत होती, पण नव्याने अर्ज, नव्याने तपासणी, आणि तोवर रुजू व्हायची तारीख उलटून गेली असती. प्रयोगशाळेने आधीच एकदा मुदत वाढवून दिली होती. बायो दाराच्या उंबऱ्यावर पायांना मिठी घालून बसली. लहानपणी काही बिनसलं की ती तिथेच बसायची.

आप्पा तिच्याशेजारी टेकले. "चुकलं ते चुकलं. पण माझंच नाव लागलंय ना? कुण्या परक्याचं तर नाही?"

"तुमचंच आहे, आप्पा."

"मग जा निश्चिंत. सावकाश करू दुरुस्त. पळून जातंय का ते?"

ती हसली. तशीच गेली. आणि पासपोर्टावर जे नाव, तेच मग पुढे सगळीकडे लागत गेलं. व्हिसावर तेच, तिकिटावर तेच, नोकरीच्या करारावर, बँकेत, घराच्या भाडेपट्ट्यावर तेच. प्रत्येक नवा कागद आधीच्या कागदावर बेतलेला. एक बदलायचा तर सगळे उलगडावे लागले असते, त्यामुळे 'सावकाश करू' हे दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं.

तिथे ती मिस वासुदेव झाली. गळ्यातल्या ओळखपत्रावर डी. डी. वासुदेव. तिचा पहिला शोधनिबंध छापून आला, तेव्हा तिने त्याचं पहिलं पान फोनवर पाठवलं. आप्पांनी ते मोठं करून छापून घेतलं आणि घडी घालून खिशात टाकून बागेत नेलं. त्यांच्या बाकावर कारखान्यातलेच दोन निवृत्त सोबती बसायचे.

"बघा, काय छापून आलंय. वासुदेव."

"आयला, आप्पा! संशोधन तुम्ही केलंत होय? आम्हाला वाटलं पोरीनं केलं."

"मीच केलं. ती फक्त लिहून काढते," आप्पा म्हणाले, आणि तिघेही पोट धरून हसले. घरी येताना मात्र त्यांनी तो कागद पुन्हा काढून पाहिला. आयुष्यभर हजेरीपटावर नाव लागलं, ते दांडी पडू नये म्हणून. हे असं कुठे लागेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. खरं सांगायचं तर ती चूक त्यांना आवडायला लागली होती. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

मग एका दुपारी फोन आला. बायोचा नव्हता. तिच्याबरोबर राहणारी मुलगी आपल्याच भाषेची होती, तिचा. धाकटी कामावर होती. आप्पा भांडी घासत होते, ओल्या हातानेच त्यांनी फोन उचलला.

"काका, घाबरू नका," ती म्हणाली. "ज्ञानदा हॉस्पिटलमध्ये आहे. ताप उतरतच नव्हता. हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून नेलं. रक्ताचा कर्करोग म्हणतायत. भराभर वाढणारा. उपचार सुरू केलेत."

आप्पांनी नळ बंद केला. मग पुन्हा सुरू केला. मग पुन्हा बंद केला.

"मी येतो," ते म्हणाले.

"डॉक्टर पण तेच म्हणाले. जवळचं कुणीतरी येऊ दे."

येतो म्हणणं सोपं होतं. आप्पांकडे पासपोर्ट नव्हता. परदेशी जायचं काम कधी पडलंच नव्हतं. धाकटी त्यांना घेऊन फॉर्मवाल्या काकांकडे गेली. काकांनी इतर दोघांना थांबायला सांगून त्यांना आधी बसवलं. आप्पांचे सगळे कागद टेबलावर पसरले. पेन्शनचं पुस्तक, ओळखपत्र, बँकेचं खातं. कारखान्यातल्या एका जुन्या कारकुनाने पहिल्या दिवशी त्यांचं नाव त्याच्या काळच्या पद्धतीने लिहिलं होतं. वासुदेवचा व डब्ल्यूने, आणि शेवटचा देव डी ई ओ. धायगुडे आयने. वडिलांचं नाव कोंडिबा, ते पेन्शनच्या पुस्तकात नुसतं 'के' होऊन राहिलेलं.

"आप्पासाहेब, तुमचं नाव मुलीच्या कागदावर वेगळं आहे," काका म्हणाले. "तिथे वासुदेव व्हीने आहे. पण तुमचे स्वतःचे सगळे कागद डब्ल्यूवाले आहेत. आता व्हीने भरलं तर यातलं काहीच जुळणार नाही, अर्ज तिथेच अडकेल. तुमचं तुमच्यापुरतं एकसारखं ठेवू. के नको, कोंडिबा पूर्ण लिहू. पहिल्या चौकटीत वासुदेव कोंडिबा, दुसरीत धायगुडे."

यातलं काही चुकीचं नव्हतं. तातडीचा अर्ज होता, पासपोर्ट लवकर आला. व्हिसाच्या केंद्रावर आप्पा इस्त्रीचा सदरा घालून गेले. काचेपलीकडे बसलेली बाई मऊ बोलणारी होती. तिने आप्पांचा पासपोर्ट पाहिला, हॉस्पिटलचं पत्र पाहिलं, बायोच्या पासपोर्टाची प्रत पाहिली. मग तिन्ही शेजारी शेजारी ठेवली.

"पेशंट आपल्या कोण?"

"मुलगी."

"त्यांचं आडनाव वासुदेव."

"नाही, ते माझं नाव. आडनाव धायगुडे."

"आपलं नाव इथे डब्ल्यूने आहे. त्यांच्या पासपोर्टावर व्हीने, शेवटच्या पानावर वडिलांच्या नावातसुद्धा. शिवाय आपलं धायगुडे आयने, त्यांचं वायने, आणि ते आडनावाच्या जागी नाहीच."

"ताई, वाचताना एकच वाचतात ना?"

"आपण वाचताना एकच वाचतो," ती म्हणाली. "पण तिथे आत वाचणाऱ्याला मराठी येत नाही. त्यांच्या दृष्टीने या वेगवेगळ्या आडनावांच्या दोन व्यक्ती आहेत. मी फक्त कागद घेते, काका. निर्णय मी घेत नाही. तिच्या जन्माचा दाखला आहे?"

"आहे."

"मग लावा. भाषांतर करून लावा."

हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं असं धाकटीला वाटत राहिलं. दाखला घरात होता. पण तो हॉस्पिटलमधूनच नोंदवलेला होता, नाव ठेवण्याआधी. मुलीच्या नावाच्या रकान्यात रेघ होती. आईच्या आणि वडिलांच्या नावाखाली जी मुलगी जन्मली ती कोण, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. धाकटीने तोच तसाच लावून दिला, कारण वाट बघायला वेळ नव्हता, आणि सोबत हाताने एक विनंती लिहिली.

नकार आला. एका पानाचा, सभ्य भाषेतला. अर्जदाराचं रुग्णाशी नातं सिद्ध होत नाही. धाकटीने वाचून त्याचा अर्थ सांगितला.

"नातं सिद्ध होत नाही," आप्पा म्हणाले. "म्हणजे मी तिचा कुणी नाही?"

"तसं नाही, आप्पा. कागदावर..."

"तेच म्हणतोय मी. कागदावर मी तिचा कुणी नाही."

त्या दिवशी बायोचा व्हिडिओ कॉल आला. तिने डोक्याला फडकं गुंडाळलं होतं. केस गळून गेले होते. गाल आत गेलेले, पण डोळे तसेच टपोरे.

"बघा आप्पा, वेणी घालायचं काम वाचलं तुमचं."

"घालेन की. उगवू तर देत."

"व्हिसाचं काय झालं?"

आप्पांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण तिला ते कधीच जमत नसे. तिने सगळं सांगून टाकलं. बायो ऐकत राहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"त्यांना सांगा, तुम्ही माझ्या आडनावातच आहात."

आप्पांना हसता आलं नाही. "मी म्हणालो होतो पळून जातंय का म्हणून," ते पुटपुटले. "तुला तेव्हाच थांबवायला हवं होतं. चार आठवडे उशीर झाला असता, काय आभाळ कोसळलं असतं!"

"थांबले असते तर ही नोकरी गेली असती. मला जायचं होतं, आप्पा. तुम्ही तसं म्हणाला नसतात तरी मी गेलेच असते." एवढं बोलूनच तिला धाप लागली. "आता ते नका उगाळू. या तुम्ही. मी वाट बघते."

मग धाकटीने रजा टाकली आणि कंबर कसली. जन्मनोंदणीच्या कचेरीत शाळेचा दाखला दाखवून बायोचं नाव रिकाम्या रकान्यात चढवून घ्यायचं होतं. तिथला साहेब दोन दिवस प्रशिक्षणाला गेलेला. तो आला, नाव चढलं, नवा दाखला मिळाला. मग भाषांतर. भाषांतरकार विद्वान माणूस होता. त्याने ज्ञानदा हे नाव जे आणि एन वापरून, त्याच्या पुस्तकी नियमाने लिहून दिलं, आणि वासुदेवला शेवटी एक ए जोडला. धाकटीने कागद हातात घेतला आणि तिला रडूच फुटलं.

"काय चुकलं?" तो गोंधळला. "नियमाने हेच शुद्ध आहे."

"शुद्ध असेल हो. पण हे तिसरंच नाव झालं. ज्या माणसाचा पासपोर्ट आधीपासून आहे त्याचं नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहायला हवं. अक्षराला अक्षर. वडिलांचं त्यांच्या पासपोर्टावर आहे तसं, तिचं तिच्या पासपोर्टावर आहे तसं."

"मला आधी पासपोर्ट दाखवायला हवे होते तुम्ही."

"हो," धाकटी म्हणाली. "हवे होते."

त्याने पुन्हा करून दिलं. पण शिक्का मारणारी मुलगी दुसऱ्या दिवशी येणार होती.

प्रतिज्ञापत्र लिहायला आप्पा आणि धाकटी काकांच्या गाळ्यात गेले. वासुदेव व्हीने आणि वासुदेव डब्ल्यूने, ही दोन्ही नावं एकाच माणसाची. धायगुडे वायने आणि आयने, हे एकच आडनाव. आणि मुलीच्या पासपोर्टात आडनावाच्या जागी आहे ते तिच्या वडिलांचं नाव. काका टाईप करत होते. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांची बोटं थांबली. त्यांनी चष्मा काढला. छातीवर तो दोरीला लोंबत राहिला.

"हा फॉर्म मीच भरला होता का?"

"आपण सगळ्यांनी मिळून भरला होता," आप्पा म्हणाले.

"दाखल्यावरून जसंच्या तसं उचललं मी. त्या काळात घाईत... किती भरले असतील असे, देव जाणे."

"काका, लिहा," धाकटी हलकेच म्हणाली. "नोटरीची कचेरी बंद होईल."

काकांनी चष्मा लावला. नोटरीकडे ते स्वतः सोबत आले, गाळ्याला कुलूप घालून.

दुसऱ्यांदा अर्ज गेला तेव्हा काचेपलीकडच्या बाईने एकेक कागद पाहून मान हलवली. "आता नीट आहे," ती म्हणाली. "हेच पहिल्यांदा..." आणि पुढचं तिने गिळलं. अर्जावर तिने ठळक अक्षरांत तातडीचा शेरा मारला.

पण बायोचं शरीर कुणाच्या शेऱ्यासाठी थांबणारं नव्हतं. फुप्फुसात संसर्ग झाला. मैत्रिणीचे फोन दिवसातून तीनतीनदा येऊ लागले आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडं कमी बोलायची. हॉस्पिटलला थेट फोन लावला तर पलीकडचा माणूस रुग्णाचं आडनाव विचारी, मग फोन करणाऱ्याचं. धाकटी उत्तर द्यायची, आणि तो सौजन्याने सांगायचा की नोंदीतल्या व्यक्तीशिवाय कुणाला माहिती देता येत नाही. नोंदीत ती मैत्रीण होती. अडीअडचणीला जवळची बरी, म्हणून बायोनेच तिचं नाव दिलं होतं.

शेवटी मैत्रिणीने बायोच्या कानाशी फोन धरला. यंत्रांचे आवाज येत होते.

"ती ऐकतेय, काका. बोला."

आप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "बायो," ते म्हणाले. "बायो, मी निघालोय हं. निघालोच आहे. कागद झालेत सगळे. तू झोप. मी आलो की उठवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

व्हिसाचा शिक्का असलेला पासपोर्ट कुरिअरने आला तेव्हा घरात माणसं बसलेली होती. शेजारच्या वहिनींनी दारातच सही करून पाकीट घेतलं आणि काय करावं ते न सुचून स्वयंपाकघरात डब्यांमागे ठेवून दिलं. धाकटीला ते तिथे सापडलं. तिने ते उघडलं, पानं उलटली, आणि ओट्याला धरून खाली बसली. व्हिसावर आप्पांचं नाव अगदी बिनचूक होतं.

आप्पांनी पासपोर्ट हातात घेतला. "तिला आणायला जातो," ते म्हणाले.

"मी येते."

"तुझा व्हिसा कुठाय? मी जातो. माझा झालाय."

त्या परक्या शहरात मैत्रीण त्यांना विमानतळावर घ्यायला आली. लहानखुरी मुलगी, डोळे रडून सुजलेले. तिने वाकून नमस्कार करायला हात पुढे केला आणि आप्पांनी तिला तशीच जवळ घेतली. मग दोघेही कचेऱ्यांतून फिरले. सगळीकडे तेच विचारलं जायचं, आपण कोण, आणि आप्पा प्रतिज्ञापत्र आणि भाषांतर पुढे करायचे. आता ते सगळीकडे चाललं. वकिलातीत बायोच्या पासपोर्टाचा कोपरा कापून तो रद्द केला गेला. समोरच्या अधिकाऱ्याने सांगितलं, मृत्यूच्या दाखल्यावर नाव दुरुस्त करून हवं असेल तर अर्ज करता येईल, पण विमानाच्या कागदांवर आणि पासपोर्टावर एकच नाव लागतं, त्यामुळे तोवर तिला इथेच ठेवावं लागेल.

"नको," आप्पा म्हणाले. "आहे तसंच राहू दे. तिला घरी नेऊ दे मला."

तिला पाहिलं तेव्हा ते रडले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावरचं फडकं थोडं सारखं केलं. फडक्याच्या खाली नवे केस उगवायला लागलेले होते, अगदी बारीक, हाताला लागतील न लागतील असे. तिथेच तळवा ठेवून ते उभे राहिले. मैत्रीण बाहेर निघून गेली. 'मी आलो की उठवतो' असं आपण म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं, आणि मग ते तिच्या उशाशी बसले.

घरच्या शहरात बायोला आणलं तेव्हा स्मशानातल्या नोंदणीच्या खिडकीपाशी धाकटी, काका, बागेतले दोन्ही सोबती, सगळे होते. खिडकीतल्या कारकुनाला इंग्रजी दाखल्यावरून मराठी नोंद करायची होती. गोंधळलेला, दमलेला माणूस होता. त्याने एकेक शब्द लावत लिहिलं आणि खात्री करायला मोठ्याने वाचलं.

"मयताचं नाव... ढायगुडे दनयानाडा. आडनाव वासुदेव. बरोबर?"

बागेतल्या एका सोबत्याने तोंड फिरवलं.

आप्पा खिडकीशी गेले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुकानात काही मागावं तसा. "नाही, साहेब. मराठीत लिहिताय ना? मग मी सांगतो तसं लिहा. आधी तिचं स्वतःचं नाव. ज्ञानदा. ज्ञानेश्वरातला ज्ञ."

"पण दाखल्यावर तर..."

धाकटीने प्रतिज्ञापत्राची प्रत आत सरकवली. काकांनी बोट ठेवून तिसरा मुद्दा दाखवला. कारकुनाने तो वाचला, आप्पांकडे पाहिलं, आणि लिहिलेल्या ओळीवर एक सरळ रेघ मारून बाजूला छोटी सही केली.

"ज्ञानदा," तो लिहिता लिहिता म्हणाला. "पुढे?"

"वासुदेव. ते वडिलांचं."

"वासुदेव. आडनाव?"

"धायगुडे. धरणातला ध."

"धायगुडे." त्याने ओळ पुरी केली. "वडील हयात?"

धाकटीने आप्पांचा दंड धरला.

"हो," ते म्हणाले. "मीच."

"मग इथे सही करा, आजोबा."

आप्पांनी सही केली. कारकुनाने पावती फाडून दिली. धाकटीने ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि आप्पांना हाताला धरून आत नेलं, जिथे बायोला ठेवलं होतं.